वकीलपत्र सोडण्याच्या पत्राचा मसुदा तपासून हवा आहे (सोलापूर)

प्रश्नकर्ता
सोलापूरच्या दिवाणी न्यायालयात एका टॉवेल कारखानदाराचा उधारी वसुलीचा दावा मी चालवीत आहे. फीचा पहिला हप्ता मिळाला, त्यानंतर काही आले नाही. ते एक वेळ सोसले असते. परंतु लेखी कळवूनही पक्षकार मूळ बिले देत नाहीत आणि प्रतिवादीने काही माल परत केल्याची बाब सरतपासणीच्या शपथपत्रातून वगळावी, असा त्यांचा आग्रह आहे. पुढील तारीख वादीच्या पुराव्याची आहे. माझा मसुदा असा :

"फी थकलेली असून आपण माझा सल्ला मानत नाही. सबब आपले वकीलपत्र मी आजपासून रद्द करीत आहे. बाकी फी मिळताच कागदपत्रे परत केली जातील."

एवढे पुरेसे आहे का? या पत्राची प्रत न्यायालयात दाखल करावी का?

जुना बार रूम
पुरेसे आहे. 'नो इन्स्ट्रक्शन्स' पुरशीस द्या आणि मोकळे व्हा. फाइल मात्र सोडू नका, तोच एक धाक उरतो.

कोर्ट गल्ली
पुरशिशीची पद्धत आहे हे खरे, पण फाइल अडवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात थकीत फीसाठी वकिलाला कागदपत्रांवर धारणाधिकार नाही, असे स्पष्ट केले आहे. फीसाठी वेगळा मार्ग धरावा. तेव्हा मसुद्यातले शेवटचे वाक्य काढून "कागदपत्रे पोच देऊन घेऊन जावीत" असे लिहा.

"आजपासून रद्द" हेही चालणार नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ४ नुसार न्यायालयाची परवानगी मिळेपर्यंत वकीलपत्र कायम राहते. म्हणून परवानगीचा अर्ज करणार असल्याचे कळवा. पुढील तारीख, त्या दिवशी काय दाखल करायचे आहे आणि न केल्यास पुरावा बंद होऊन दावा फेटाळला जाऊ शकतो, हे तिन्ही पत्रात ठळकपणे लिहा. पत्र पोचपावतीसह पाठवा आणि अर्जाला पोचपावती जोडा. नुसत्या पुरशिशीवर काम पुढे गेले आणि पक्षकाराला नोटीसच नव्हती, तर तो आदेश पुढे टिकणे कठीण जाते.

पत्राची प्रत मात्र दाखल करू नका. परत आलेल्या मालाची गोष्ट पक्षकाराने तुम्हाला विश्वासाने सांगितलेली आहे. अर्जात "व्यावसायिक कारणास्तव काम पाहणे शक्य नाही" इतकेच लिहावे.

टाकळीकर
माझ्याही वकिलांनी असेच मध्येच काम सोडले. दिलेली फी मला परत मिळेल का?

कोर्ट गल्ली
येथे प्रश्न वकिलाच्या बाजूने आहे. तरी सांगतो : बार कौन्सिलच्या नियमानुसार न केलेल्या कामाची फी परत करावी लागते. किती काम झाले, यावरच वाद होतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. एक शंका उरते. न्यायाधीशांनी कारण तोंडी विचारले आणि पक्षकार हजर नसेल, तर?

जुना बार रूम
फी थकली म्हणून सांगा, त्यात लपवण्यासारखे काय आहे?

कोर्ट गल्ली
फीचे सांगण्यास हरकत घेतली जाईल असे वाटत नाही, पण मी तेही टाळतो. समोर प्रतिवादीचे वकील उभे असतात आणि वादीकडे पैसे नाहीत, हे कळले की तडजोडीचा आकडा त्याच दिवशी खाली येतो.