मदत हवी आहे: रुमाल-गॉगलमधल्या माणसाचं नाव अ‍ॅपने सांगितलं, कितपत खरं धरायचं?

केळीबाग_यावल

राम राम मंडळी. आमचं यावल तालुक्यात छोटं कृषी सेवा केंद्र आहे. मागच्या मंगळवारी दुपारी अडीचच्या सुमारास एक जण आला, बॅटरीचा फवारणी पंप हातात घेऊन बघितला, मी आत गोडाऊनमध्ये खताची गोणी काढायला गेलो तेवढ्यात पंपासकट दुचाकीवरून पसार. डोक्यावरून तोंडापर्यंत पांढरा बागायती रुमाल, वर काळा गॉगल. आता मे महिन्यात खान्देशात दुपारी असं कोण नसतं? मीसुद्धा तसाच फिरतो.

दुकानात कॅमेरा आहे. भाच्याने त्यातला एक फोटो काढून मोबाईलमधल्या एका फुकट अ‍ॅपमध्ये टाकला. त्या अ‍ॅपला त्याने आधी गावातल्या लग्नांचे आणि सप्ताहाचे फोटो नावं लावून दिलेले होते, साडेतीनशेच्या आसपास. अ‍ॅपने शेजारच्या गावच्या एका पोराचं नाव दाखवलं, 84 टक्के. त्यानंतर दुकानात बसलेल्या चौघांनी फोटो पाहिला आणि चौघंही म्हणाले, हो, तोच, खांदे बघा ना.

आता भाचा म्हणतो गावच्या ग्रुपवर टाकू. माझा हात थांबलाय. पोराला मी दोनदाच पाहिलंय. 84 टक्के म्हणजे शंभरात सोळाच चुकायची शक्यता ना? जाणकारांनी सांगावं.

भुसावळी_भो

टाक की भो ग्रुपवर! कोविडमध्ये माझा फोन मास्क लावूनसुद्धा उघडायचा. डोळे अन् कपाळ दिसलं की मशीनला पुरतं. आधारला पण बुबुळ चालतं की.

सुलभा_धुळे

माझा पण असाच प्रश्न आहे, इथेच विचारते. फोनमधल्या फोटोंच्या अ‍ॅपने माझे स्कार्फ बांधलेले सगळे फोटो एका वेगळ्या ढिगात टाकलेत आणि त्यात माझी नणंद पण आहे. आम्ही दोघी एकाच दुकानातून सारखे फुलाफुलांचे स्कार्फ घेतलेले. ते वेगळे कसे करायचे?

तापीकाठ

केळीबाग दादा, ग्रुपवर टाकू नका, निदान दोन दिवस तरी. मी आठ-नऊ वर्षं चेहरा ओळखणाऱ्या हजेरीच्या मशिनी बसवल्या आहेत, म्हणून लिहितो.

आधी भुसावळच्या भाऊंचं. फोनचं त्यांनी अर्धं बरोबर सांगितलं. काही नवे फोन डोळ्यांच्या भोवतालच्या भागावर मास्कसकट उघडतात, पण तिथे प्रश्न एकच असतो: समोरचा मालक आहे की नाही? फोन हातभर अंतरावर असतो आणि चेहऱ्याची खोलीही मोजतो. त्यातही मास्कच्या वर गॉगल चढवला की तो नकार देतो. बुबुळाचं यंत्र तर डोळ्याला जवळजवळ टेकवूनच लावतात. इथे डोळाच झाकलेला आहे.

आता 84. हा आकडा खरेपणाची शक्यता नाहीच. अ‍ॅप चेहऱ्याच्या तुकड्यावरून काहीशे आकड्यांची एक यादी बनवतं, तशीच प्रत्येक जुन्या फोटोची बनवतं, आणि कुठली यादी किती जवळ आहे ते मोजतं. त्या जवळपणाला कंपनी आपल्या सूत्राने टक्क्यांचा वेष चढवते. एका अ‍ॅपचे 84 दुसऱ्यात 60 येतील. आणि बरीच फुकट अ‍ॅप्स 'यातला कोणीच नाही' असं म्हणतच नाहीत. तुमचा चोर त्या साडेतीनशे फोटोंत नसला तरी जो सगळ्यात कमी लांब, त्याचं नाव वर येणारच.

रुमाल आणि गॉगलने नेमकं काय होतं तेही सांगतो. सॉफ्टवेअर आधी दोन डोळे शोधतं, त्यांवरून चेहरा सरळ करून कापून घेतं. गॉगल असेल तर डोळ्यांची जागा अंदाजाने ठरते, कापणी तिरकी पडते. रुमालाने नाक, ओठ, हनुवटी गेली. उरतो तो कपाळाचा पट्टा आणि कापड. मग कापड आणि काच हीच चेहऱ्याची खूण ठरते. सुलभाताईंचा ढीग त्याचंच उदाहरण आहे, मशीनने स्कार्फ ओळखला, ताई नाही. (ताई, त्या फोटोंवर हाताने नाव बदलावं लागेल, दुसरा उपाय नाही.)

एक विचारतो. त्या पोराचा भाच्याकडे जो फोटो आहे तो कसला आहे?

केळीबाग_यावल

भाच्याला विचारलं. त्याचे तीन फोटो आहेत. त्यातला एक वरातीतला, गॉगल घातलेला, गळ्यात-तोंडावर पांढरा रुमाल. अरे देवा.

तापीकाठ

तेच वाटलं होतं. आता घरच्या घरी एक तपासणी करा, खर्च शून्य. तसाच रुमाल, तसाच गॉगल, तीच वेळ, तोच कॅमेरा, माणसं बदला. तुम्ही, भाऊ, सालदार, तिघंही त्याच जागी उभे राहा आणि अ‍ॅप काय नाव देतं ते लिहून ठेवा. फक्त तिघांचे उघड्या चेहऱ्याचे फोटो यादीत आहेत ना ते बघा. नंतर वरातीतला तो एक फोटो यादीतून काढून चोराचा फोटो परत टाका.

नोकरदार_जळगाव

तापीकाठ सर, पण मी तर वाचलंय की मास्कमुळे मशीन चुकीचं नाव देत नाही, उलट ओळखतच नाही. मग इथे चुकीचं नाव कसं येईल?

तापीकाठ

बरोबर वाचलंय. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने जुलै 2020 मध्ये 89 सॉफ्टवेअर तपासली. चांगल्या फोटोंवर संगणकानेच मास्क रंगवले आणि तुलना केली. सगळ्यात चांगली सॉफ्टवेअर मास्कशिवाय हजारात तीनेक वेळा खऱ्या माणसाला नाकारत, ती मास्कमध्ये सुमारे 5 टक्के वेळा नाकारू लागली, आणि एरवी बरी असलेली बरीच 20 ते 50 टक्क्यांपर्यंत गेली. नाक जितकं जास्त झाकलेलं तितकी चूक जास्त. त्या कसोटीत चुकीचा माणूस पास होण्याचं प्रमाण फारसं वाढलं नव्हतं, काहींचं तर थोडं घटलं.

पण त्या कसोटीतल्या तीन गोष्टी तुमच्याकडे नाहीत. एक, डोळे उघडे होते. दोन, जुना फोटो बिनमास्कचा, समोरून काढलेला होता. तीन, 'हे दोघं एकच का' एवढाच प्रश्न होता आणि ठरलेल्या रेषेखाली गुण आले की सरळ नाही म्हणायची मुभा होती. दादांच्या अ‍ॅपमध्ये रेषाच नाही, साडेतीनशेतून एक नाव द्यायचंच आहे, आणि यादीत एक फोटो रुमालवाला आहे. त्यामुळे न ओळखण्याची चूक इथे चुकीच्या नावाच्या रूपात बाहेर येते.

केळीबाग_यावल

केली तपासणी. काल दुपारी बरोबर अडीचला, 44 डिग्रीत, सालदार हसत होता की मालकाला ऊन लागलं. आकडे असे:

भाऊ, रुमाल-गॉगलमध्ये: त्याच पोराचं नाव, 81.
सालदार, रुमाल-गॉगलमध्ये: त्याच पोराचं नाव, 79.
मी: त्याच पोराचं नाव, 77.
भाऊ उघड्या तोंडाने: भावाचंच नाव, 93.

मग वरातीतला फोटो काढून चोराचा फोटो परत टाकला. नाव आलं आमच्या किराणावाल्या काकांचं, 66. काका त्या आठवड्यात मुलीकडे नाशिकला होते.

भाच्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

भुसावळी_भो

अ‍ॅप सोडा हो. चार माणसांनी खांद्यावरून ओळखलं ना? माणसाची नजर मशीनपेक्षा पक्की असते. मी आमच्या मामाला दोनशे फुटांवरून चालीवरून ओळखतो.

निवृत्त_शिक्षिका_अमळनेर

मामाला ओळखाल हो, तीस वर्षं पाहताय त्यांना. केळीबागने त्या पोराला दोनदा पाहिलंय, त्या चौघांनी किती वेळा पाहिलंय ते विचारा. रोजच्या माणसाला आपण धूसर फोटोतही ओळखतो, अनोळखी माणसाचे उघड्या चेहऱ्याचे दोन फोटो शेजारी ठेवले तरी फसतो. ब्रिटनमध्ये 1997 साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता, सुपरमार्केटच्या कॅशियरना फोटो असलेली क्रेडिट कार्डं तपासायला दिली होती. दुसऱ्याच माणसाचा फोटो असलेली निम्म्याहून जास्त कार्डं त्यांनी चालवून घेतली. ग्राहक समोर उभा, तोंड उघडं, तरीही.

शिवाय त्या चौघांना आधी नाव सांगितलं होतं की फोटो? मी चाळीस वर्षं पेपर तपासले, वरती नाव दिसलं की मार्क बदलतात.

केळीबाग_यावल

बाई, आधी नाव सांगितलं होतं. भाचा आत येतानाच ओरडला होता.

तापीकाठ

मग त्या चौघांची साक्ष नाव ऐकल्यावरची आहे, ती बाजूला ठेवा. पण एक लक्षात घ्या, या सगळ्यातून तो पोरगा नव्हताच असंही ठरत नाही. फोटोतून काहीच ठरत नाही, इतकंच.

चेहरा सोडा. डीव्हीआरमधलं फुटेज आजच पेनड्राइव्हवर काढा. डिस्क भरली की जुनं पुसलं जातं, काही ठिकाणी आठवड्यातच. पडद्याचा मोबाईलने काढलेला फोटो पोलिसांना फारसा उपयोगी नाही. मूळ फाइल द्या. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे तिच्यासोबत प्रमाणपत्रही लागतं, ठाण्यात सांगतील. आणि दुचाकी कुठल्या बाजूने गेली ते बघा. नंबरप्लेटवर रुमाल नसतो.

नोकरदार_जळगाव

आणि ग्रुपवर टाकलं असतं तर बदनामीची केस उलट तुमच्यावर. भारतीय न्याय संहिता, कलम 356. आमच्या गल्लीत पाण्याच्या मोटारीवरून झालंय.

भुसावळी_भो

ठीक आहे, पण दुपारी अडीचला दुसरं कोण येणार? मला अजून तोच वाटतो.

केळीबाग_यावल

भाऊ, तुम्ही त्याला पाहिलं तरी आहे का?

असो. फुटेज काढलं, दहा दिवसांचंच शिल्लक होतं. फैजपूर रस्त्याकडच्या पेट्रोल पंपावर विचारायला उद्या जातोय, त्यांचा कॅमेरा रस्त्याकडे आहे. दुचाकी लाल होती एवढं दिसतंय, नंबर आमच्या फुटेजमध्ये अर्धाच. शेवटचे दोन आकडे 4 आणि 7, की 1, नीट कळत नाही. भाच्याने अ‍ॅप काढून टाकलंय.

सुलभा_धुळे

हाताने नाव बदललं. आता नणंद म्हणते तिचे चांगले फोटो माझ्या नावावर गेले.