अनुभव धागा : कॉलेज फेस्टचा कॅरोसेल आणि त्याने केलेले घोळ

धागा उघडणारी, कोल्हापूर, टीवाय, पब्लिसिटी टीम

फेस्ट पंधरा दिवसांवर आलाय आणि इन्स्टाचा कॅरोसेल अजून कच्चा आहे. वेळापत्रक, स्थळ, बक्षिसं, नोंदणी या स्लाइड्स करताना तुमचं काय फसलं ते इथे लिहा. सुरुवात मी करते.

गेल्या वर्षी आमच्या कव्हरवर होतं, "दोन दिवस. अकरा इव्हेंट. बॅग घरी ठेवा, घसा सोबत आणा!" कव्हर जबरी चाललं. पण कॅरोसेल आख्खा कुणी पाठवत नाही हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. पोरांनी वेळापत्रकाच्या स्लाइडचा स्क्रीनशॉट काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकला. त्या स्लाइडवर फक्त "दिवस १" आणि "दिवस २" होतं. तारीख कव्हरवर, कॉलेजचं नाव शेवटच्या स्लाइडवर. आदल्या संध्याकाळपर्यंत मी फोनवर एकच उत्तर देत होते, "अगं, दिवस १ म्हणजे उद्याच!"

यंदा प्रत्येक स्लाइडच्या तळाला एक पट्टी आहे: तारीख, कॉलेज, गाव, इन्स्टाचं नाव. आणि वेळापत्रकाच्या दोन स्लाइड्स, एका दिवसाला एक. आधी आम्ही इव्हेंटनुसार यादी केली होती. वेळेनुसार लावल्यावर दिसलं की एकल गायन आणि पथनाट्य दोन्ही साडेअकराला आहेत, आणि आमचे निम्मे गाणारे पथनाट्यात! स्लाइड करताना सापडलं म्हणून वाचलो.

पुणे, पोटापाण्यासाठी डिझाइन करतो

पट्टीची कल्पना बरोबर आहे. माझ्याकडून दोन गोष्टी.

पहिली मापाची. कॅरोसेलमध्ये पहिल्या स्लाइडचा आकार बाकी सगळ्यांना लागतो. कव्हर चौकोनी आणि वेळापत्रक उभं केलंत तर वेळापत्रकाचं डोकं आणि पाय छाटले जातात, म्हणजे नेमकी सकाळची पहिली आणि संध्याकाळची शेवटची ओळ. सगळ्या स्लाइड्स १०८० × १३५० करा. फोनवर ती रुंदी साधारण सात सेंटिमीटर भरते, म्हणजे ३६ पिक्सेलचं अक्षर जेमतेम सव्वादोन मिलिमीटर. मी त्याच्या खाली जात नाही. मावत नसेल तर मजकूर कापा, अक्षर नको.

दुसरी देवनागरीची. इंग्रजी पोस्टर बघून अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह होतो. देवनागरीत ते वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि "नोंदणी" हा शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ओळी फार जवळ घेतल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर चढतो. मुक्त किंवा बालू हे फॉन्ट घ्या, फुकट आहेत. स्लाइड झाली की स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि हात लांब करून वाचा.

नाशिक, एसवाय

एवढं टेन्शन कशाला? काही चुकलं तर पोस्ट एडिट करायची आणि स्लाइड बदलायची. आम्ही केलंय.

लातूर, गेल्या वर्षीची कल्चरल सेक्रेटरी

दादा, अर्धंच खरं आहे. चुकलेली स्लाइड काढता येते. तिच्या जागी दुरुस्त केलेली घालायला गेलो तर आम्हाला काही ते जमलं नाही. नृत्याची वेळ बदलली होती, म्हणून दुसऱ्या दिवसाची स्लाइड काढली, आणि लोक विचारायला लागले की फेस्ट एकच दिवस झाला का! शेवटी कॅप्शनच्या पहिल्या ओळीत बदल लिहिला, तीच कमेंट वर पिन केली आणि नवी स्लाइड स्टोरीला टाकली. तेव्हापासून जी वेळ हलू शकते ती स्लाइडवर "सकाळच्या सत्रात" एवढीच येते. नेमकी वेळ नोंदणी केलेल्यांच्या ग्रुपवर.

सावंतवाडी, निवृत्त

कॅरोसेल म्हणजे मला जत्रेतला गोल फिरणारा घोड्यांचा पाळणा वाटला, म्हणून धागा उघडला. असो. आमच्या वेळी गॅदरिंगचा तक्ता कार्डशीटवर रंगवून जिन्यात लावायचो. वेळ बदलली की वर पांढरा कागद चिकटवायचा. तुमच्यापेक्षा आमची एडिटची सोय बरी होती म्हणायची.

सांगली, एफवाय बीएस्सी

काका, एक नंबर! 😄

माझं स्थळाचं. स्लाइडवर होतं "सेमिनार हॉल, मुख्य इमारत". आमच्या पोरांना कळतं, बाहेरच्यांना काय कळणार? त्यात कॉलेजच्या दोन इमारती, आणि नकाशावरची खूण जुन्या इमारतीची. एक संघ तिकडे पोहोचला, तिथे परीक्षा चालू. यंदा मी स्वतः एसटी स्टँडवरून चालत आले आणि जे दिसलं तेच लिहिलं: "गेट नंबर २ मधून आत घुसा. डावीकडे कॅन्टीनचा वास येईल, आत्ता तिकडे वळू नका! सरळ या, पिंपळ दिसला की उजवीकडचा जिना, पहिला मजला." गंमतही आहे आणि रस्ताही. रिक्षावाल्याला कॉलेजचं कोणतं नाव सांगायचं तेही टाकलंय, कारण कागदावरचं लांबलचक नाव त्यांना माहीतच नसतं.

अमरावती, खजिनदार होतो

बक्षिसांचं ऐका. आम्ही ठोकलं, "५०,००० ची बक्षिसं!!" वक्तृत्वात पहिल्या आलेल्या मुलाच्या हातात १,५०० पडले आणि त्याच्या मित्रांनी कमेंटमध्ये आमची धुलाई केली. हिशेब खोटा नव्हता. तीन सांघिक स्पर्धा, प्रत्येकी ५,००० आणि ३,०००, झाले २४,०००. आठ वैयक्तिक, प्रत्येकी १,५०० आणि १,०००, झाले २०,०००. उरलेल्या ६,००० ची प्रायोजकांची कूपनं. पण स्लाइड वाचणाऱ्याला आपल्या स्पर्धेत काय मिळणार तेच हवं असतं. आता रोख वेगळी, कूपनं वेगळी आणि प्रत्येक स्पर्धेसमोर तिचा आकडा. "आठपेक्षा कमी संघ आले तर दुसरं बक्षीस नाही" ही अटही त्याच स्लाइडवर, तेवढ्याच ठळक अक्षरात. एकूण आकडा कव्हरवर टाकावा का? माझं मत नाही. आमचा अध्यक्ष म्हणतो, त्याशिवाय कुणी थांबणारच नाही.

मुंबई, नोंदणी सांभाळली

तीन दिवस आमच्या फॉर्मवर बाहेरच्या एकाही कॉलेजची नोंद नाही. आम्हाला वाटलं पोस्टच पडली. मग एका मुलीचा मेसेज आला, "फॉर्म परवानगी मागतोय." गूगल फॉर्म कॉलेजच्या ईमेलवरून केला होता, त्यामुळे तो फक्त कॉलेजच्या खात्यांनाच उघडत होता! आम्ही सगळे आतले, आम्हाला छान उघडायचा. सेटिंगमध्ये ते बंधन काढलं आणि त्याच रात्री नोंदी सुरू. पोस्ट करण्याआधी बाहेरच्या मित्राच्या फोनवर फॉर्म शेवटपर्यंत भरून बघा. फीच्या पावतीचा फोटो मागितला असेल तर गूगलमध्ये लॉगिन लागतं, म्हणून आम्ही फोटोऐवजी व्यवहाराचा क्रमांक लिहायला लावला.

आणि स्लाइडवर भला मोठा क्यूआर कशाला? पोस्ट ज्या फोनवर उघडलीय त्याच फोनने तो स्कॅन कसा करायचा? क्यूआर नोटीस बोर्डाला. कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, म्हणून स्लाइडवर लिहा, "लिंक बायोत. शुक्रवार रात्री ११ ला फॉर्म बंद, नंतर रडू नका!"

नाशिक, एसवाय

स्क्रीनशॉट काढून लेन्सने स्कॅन होतो की.

मुंबई, नोंदणी सांभाळली

होतो रे. तेवढं कोण करतं?

धागा उघडणारी

आमचं नवं कव्हर सरांकडून परत आलंय. "यंदा राडा होणार!" वर लाल गोल. म्हणाले, राडा म्हणजे मारामारी, पालक वाचतात. आता "धुरळा" लिहिलंय, पण टीममधले दोघे रुसलेत. आणि कव्हरवरचा बक्षिसांचा एकूण आकडा मी खोडलाय, तो मात्र कुणाच्या लक्षात आलेला नाही अजून.