मदत हवी आहे: 'प्रामाणिकपणा'साठी दोन सोप्या ओळी

मी बालवर्गाला शिकवते, मुलं साडेतीन-चार वर्षांची. दर महिन्याला एक मूल्य आणि त्याच्या यमकाच्या दोन ओळी असतात. वाटून घेण्याची ओळ छान जमली होती:

थोडं तुला, थोडं मला,
दोघं मिळून खेळू चला!

आता खडूंवरून ओढाओढी झाली की मुलंच एकमेकांना ती ऐकवतात.

या महिन्यात प्रामाणिकपणा. "खरे बोलावे, प्रामाणिक व्हावे" घेतली आणि फसले. एकाने ठोकळ्यांचा मनोरा पाडला, आणि हीच ओळ म्हणत म्हणत "मी नाही पाडला" असंही सांगितलं! नेमकं करायचं काय, ते ओळीत नाहीच. म्हणून बदलली:

माझ्या हातून पडलं,
सांगते कसं घडलं.

टाळीवर ताल बसतो, पण मुलगे 'सांगतो' म्हणतात आणि एका सुरात गोंधळ होतो. 'सांगू कसं घडलं' केलं तर तो प्रश्नच वाटतो.

मुलगा-मुलगी दोघांना चालेल अशी ओळ सुचवाल का? एका ओळीत तीन-चार शब्द, रोजच्या बोलण्यातले. 'खोटं बोललास तर…' अशी धमकी नको, त्याने मुलं आणखी लपवतात. सापडलेली वस्तू परत देण्यावरची ओळही चालेल.