चपट्या कापावरून ग्रंथीचा प्रकार ठरवता येतो का?

पहिलं_वर्ष_कोथरूड: प्रॅक्टिकलला काखेच्या त्वचेची स्लाइड होती. ‘दिसणाऱ्या ग्रंथी ओळखा, डक्टच्या आकारावरून आणि स्राव कसा बाहेर पडतो त्यावरून वर्गीकरण करा’, असा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे: ५ मायक्रॉन जाडीच्या एका कापावरून या दोन्ही गोष्टी ठरवायला सांगणं चूक आहे. तक्ता पाठ असलेल्याला मार्क मिळतात, स्लाइड बघणाऱ्याला नाही. पटतंय का कुणाला?

फायनलवाला_भाऊ: नाही पटत. सोपं आहे रे. गोल गोल दिसलं की अ‍ॅसिनार, लांबट दिसलं की ट्यूब्युलर. डक्टला फाटे असले तर कंपाउंड, नसले तर सिंपल. पॅन्क्रियास घे, पॅरोटिड घे, कुठेही चुकत नाही. आणि अपोक्राइन म्हणजे पेशीचा वरचा भाग तुटून जाणं. काखेतली मोठी घामग्रंथी आणि स्तनग्रंथी, दोन्ही अपोक्राइन. विषय संपला.

हिस्टोलॉजी_शिकवते: पॅन्क्रियासपुरता तुझा नियम चालतो, भाऊ, पण याच स्लाइडवर तो फसतो. साधी घामग्रंथी, म्हणजे एक्राइन, ही एकच लांब नळी. ती खाली डर्मिसच्या तळाशी वेटोळं घालून बसते. काप त्या वेटोळ्यातून आडवा गेला की एकाच नळीची दहाबारा गोल तोंडं दिसतात. तुझ्या नियमाने ती अ‍ॅसिनार ठरेल. मोठ्या आतड्याच्या क्रिप्टचंही तेच. काप पृष्ठभागाला समांतर गेला तर सरळ नळ्यांची नुसती वर्तुळं उरतात.

पण म्हणून स्लाइडवरून काही कळतच नाही, असं प्रश्नकर्त्यासारखं मी म्हणणार नाही. त्या घोळक्याकडे नीट पाहा. त्यात दोन तऱ्हेची वर्तुळं असतात. काही फिकट आणि मोठी, ती स्राव तयार करणारा भाग. काही बारीक आणि गडद, आत लहान चौकोनी पेशींचे दोन थर, तो डक्ट. दोन्ही एकाच घोळक्यात मिसळलेली दिसतात, कारण डक्टसुद्धा सुरुवातीला वेटोळ्यातच असतो. कंपाउंड ग्रंथीत असं होत नाही. तिथे लोब्यूल असतात, त्यांच्यामध्ये संयोजी ऊतींचे पडदे असतात आणि त्या पडद्यांत बरेच मोठे डक्ट दिसतात. काखेच्या स्लाइडवर असा पडद्यातला मोठा डक्ट मिळत नाही. म्हणून सिंपल कॉइल्ड ट्यूब्युलर.

पहिलं_वर्ष_कोथरूड: मॅडम, आकाराचं मान्य. पण स्रावाच्या पद्धतीचं काय? ती तर घडत असताना दिसायला हवी. स्लाइडवर सगळं मेलेलं असतं.

हिस्टोलॉजी_शिकवते: सेबेशियस ग्रंथीत ती घडत असतानाच गोठलेली दिसते. कडेला चपट्या, लहान पेशींचा एक थर, तिथेच नव्या पेशी तयार होतात. तिथून मध्याकडे नजर सरकव. पेशी फुगत जातात, फेसाळ दिसतात. त्यातला स्निग्ध भाग स्लाइड बनवतानाच विरघळून गेलेला असतो. मग न्यूक्लियस आक्रसून काळा ठिपका होतो, आणि केसाच्या मुळाजवळच्या डक्टपाशी पोचेपर्यंत पेशीचा फक्त चुरा उरतो. पेशी स्वतःच स्राव होऊन जाते. होलोक्राइन म्हणायला याहून मोठा पुरावा काय हवा? तिथे मार्क मागण्यात अन्याय नाही.

अपोक्राइनच्या बाबतीत मात्र तुझी तक्रार मला रास्त वाटते. ही ग्रंथी ओळखायला सोपी आहे. पोकळी एक्राइनपेक्षा कितीतरी रुंद, पेशी गुलाबीसर, एका वेटोळ्यात उंच तर शेजारच्यात बुटक्या. पोकळीकडच्या टोकाला फुगवटे दिसतात. ते फुगवटे तुटून स्राव होतो, असं जुनं मत. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली मात्र बराचसा स्राव साध्या एक्सोसायटोसिसने, म्हणजे मेरोक्राइन पद्धतीनेच जाताना दिसला. म्हणजे पेशीचा तुकडा न तुटता. मी मुलांना ‘नाव अपोक्राइन, पद्धत वादात’ असं लिहायला सांगते.

मायक्रोटोम_सदाशिव: मी लॅबमध्ये स्लाइड बनवतो. त्या फुगवट्यांवर फार विसंबू नका. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पडायला उशीर झाला की पेशींची टोकं अशीच फुगतात आणि सुटी होतात. माझी पद्धत सांगतो. त्याच स्लाइडवर शेजारची एक्राइन वेटोळी बघायची. तिथेही पोकळीत तसेच फुगे तरंगत असतील, तर दोष आमच्या टेबलावरचा. एक्राइन स्वच्छ आणि फक्त मोठ्या ग्रंथीत फुगवटे, तर मग विचार करायला जागा आहे.

हिस्टोलॉजी_शिकवते: ही तपासणी चांगली आहे. तरी फुगवटा दिसला म्हणजे तो तुटणारच होता, हे त्यावरून सिद्ध होत नाही. माझा आक्षेप कायम.

कातडीचा_डॉक्टर: आणि माझा तुमच्यावर आक्षेप. ‘सगळं मेरोक्राइनच’ हेही दुसरं टोक आहे. तुटलेल्या टोकांच्या बाजूने पुरावे मांडणारेही आहेत. एकाच ग्रंथीत दोन्ही पद्धती असू शकतात. वर्गीकरण मोडीत काढण्याइतका हा वाद निकाली निघालेला नाही.

गोठा_हडपसर: मी जनावरांचा डॉक्टर. दोन्ही पद्धती एका ग्रंथीतच काय, एका पेशीतही असतात. दुभत्या म्हशीच्या कासेतली पेशी घ्या. दुधातलं केसीन पुटिकांतून बाहेर पडतं, पुटिका पेशीच्या पडद्याला मिळते आणि आतलं रिकामं होतं. हे मेरोक्राइन. स्निग्धांशाचा थेंब मात्र बाहेर जाताना पेशीच्या पडद्याचा पापुद्रा अंगाभोवती गुंडाळून नेतो. हे अपोक्राइन. लोणी काढताना घुसळून हाच पापुद्रा फोडायचा असतो, तेव्हा कुठे थेंब एकत्र येतात. त्यामुळे फायनलवाल्या भाऊंचं ‘स्तनग्रंथी अपोक्राइन’ हे अर्धंच खरं. नेहमीच्या स्लाइडवर थेंबाच्या जागी फक्त रिकामं भोक दिसतं. थेंब बघायचा तर फ्रोझन सेक्शन करून ऑइल रेड ओ लावावं लागतं.

फायनलवाला_भाऊ: पेशी एक आणि पद्धती दोन, हे लक्षात ठेवतो. पण परीक्षेत तक्ता विचारला तर एकच शब्द लिहायचा असतो. तिथे तुम्ही सगळे काय लिहाल?

विमाननगर_आई: मध्येच विचारते, माफ करा. माझ्या मुलीला काखेत वारंवार दुखऱ्या गाठी येतात, पिकतात, व्रण राहतात. या अपोक्राइन ग्रंथी बिघडल्यामुळेच ना? मग त्या काढून टाकता येतील का?

कातडीचा_डॉक्टर: ताई, न बघता निदान सांगणार नाही. पण तुम्ही सांगताय तशा दुखण्यात हायड्राडेनायटिस सपुरेटिव्हाचा विचार करावा लागतो. तो आजार अपोक्राइन ग्रंथींचा, असं पूर्वी मानत. आता सुरुवात केसाच्या मुळाचं तोंड बुजण्यातून होते असं मानलं जातं. अपोक्राइन डक्ट त्याच मुळात उघडतो, म्हणून ती ग्रंथी नंतर सापडते. फक्त ग्रंथी काढायच्या मागे लागू नका. गाठ दाबून फोडू नका आणि त्वचारोगतज्ज्ञांना लवकर दाखवा. धूम्रपान आणि वजन यांचाही संबंध आहे, ते विचारतील.

पहिलं_वर्ष_कोथरूड: डॉक्टर, डक्ट केसाच्या मुळात उघडताना आमच्या स्लाइडवर दिसलाच नाही.

मायक्रोटोम_सदाशिव: एका कापात दिसणं नशिबाचा भाग. डक्ट, उघडणारं तोंड आणि केसाचं मूळ एकाच पातळीत यावं लागतं. त्याच ब्लॉकचे ओळीने काप घेतले तर डक्टचा माग काढता येतो. तुमच्या विभागात ब्लॉक शिल्लक असेल तर सरांना विचारून बघ. मात्र रिबनचा क्रम चुकू देऊ नकोस. एक काप उलटा लागला की माग तुटतो.

हिस्टोलॉजी_शिकवते: आणि भाऊ, तक्त्यात मी ‘अपोक्राइन’च लिहीन. पण स्तनग्रंथीसमोर दोन शब्द लिहीन, आणि परीक्षकांनी एक खोडला तर त्यांच्याशी बोलायला जाईन.

फायनलवाला_भाऊ: मॅडम, तुम्ही बोलाल. आम्ही व्हायव्हाला उभे असतो तेव्हा एकच शब्द ऐकून घेतात. मी अजूनही एकच लिहिणार.