रात्री काळा, सकाळी पांढरा: फोनचा रंग आपोआप बदलण्याचे तुमचे अनुभव

शाईदौत

अंधार पडला की फोन आपोआप डार्क मोडमध्ये जावा आणि उजाडलं की परत लाइट व्हावा, एवढीच माझी अपेक्षा. वेळ लावून देण्याची ही सोय अँड्रॉइड 11 पासून फोनमध्येच आहे, आयफोनवर आयओएस 13 पासून. मी सूर्यास्त ते सूर्योदय असा पर्याय निवडला आहे. मेल, कॅलेंडर, सेटिंगची पानं सगळं नीट बदलतं. पण दोन अ‍ॅप हटून बसली आहेत: एक नोंदी ठेवायचं, दुसरं बिलं भरायचं. दिवे मालवल्यावर बिलाचं अ‍ॅप उघडलं की पांढरा झोत थेट डोळ्यांवर येतो.

तुम्ही वेळ कशी लावली आहे, कोणत्या प्रकारची अ‍ॅप ऐकत नाहीत आणि त्यांचं काय केलंत, ते सविस्तर लिहा. फोन अँड्रॉइड की आयफोन हेही सांगा, उपाय त्यावर ठरतो.

रातपाळी

अँड्रॉइड. माझं काम रात्रीचं, त्यामुळे सूर्याशी माझा संबंध नाही. Schedule मध्ये स्वतःची वेळ टाकली आहे. सकाळी आठला डार्क, दुपारी चारला लाइट, कारण मी त्या वेळात झोपतो.

एक गोष्ट सुरुवातीला कळत नव्हती. आठ वाजून गेले तरी फोन पांढराच, मी वाचतोय आणि काही होत नाही. फोन खाली ठेवला, थोड्या वेळानं उचलला तर काळा! तेव्हा लक्षात आलं की स्क्रीन चालू असेपर्यंत फोन थांबतो. हातातलं काम मध्येच हलू नये म्हणून तशी रचना आहे. वेळ झाली आणि बदल दिसला नाही तर बाजूचं बटण दाबून स्क्रीन बंद करा आणि पुन्हा चालू करा. तरीही बदललं नाही तरच सेटिंगमध्ये शोधाशोध करा.

मोरपीस

मी तर हे रोज करते. रात्री दहानंतर पडदा पिवळसर होतो, डोळ्यांना खूप शांत वाटतं. आणि माझ्याकडे सगळी अ‍ॅप ऐकतात, एकही सुटत नाही.

शाईदौत

मोरपीस, तुम्ही म्हणताय ते Night Light. तो पूर्ण पडद्यावर उबदार रंगाची झाक चढवतो, म्हणून कुठलंच अ‍ॅप त्यातून सुटत नाही. पण पांढरं पान पांढरंच राहतं, फक्त पिवळट दिसतं. दोन्ही एकत्र लावता येतात, मीही लावते.

पणती

डार्क मोड लावा, बॅटरी वाचते. बाकी कारण शोधायचीच गरज नाही. माझा फोन तर अधूनमधून भरदुपारीही स्वतःहून काळा होतो, वेळापत्रक बिघडलंय बहुतेक.

कळफलक

पणती, बॅटरीचं म्हणणं ओएलईडी पडद्यापुरतं खरं आहे. तिथे काळा ठिपका जवळजवळ विझलेलाच असतो. एलसीडीमध्ये मागचा दिवा सतत जळतो, रंग काळा असला तरी फरक पडत नाही. ओएलईडीवरही ब्राइटनेस कमी असेल तर बचत थोडीच. पर्ड्यू विद्यापीठाच्या 2021 च्या मोजमापात 30 ते 50 टक्के ब्राइटनेसला सरासरी 3 ते 9 टक्के बचत आली होती.

तुमचं वेळापत्रक बिघडलेलं नसावं. Battery Saver चालू झाला की अँड्रॉइड स्वतः डार्क मोड लावतो. पुढच्या वेळी दुपारी काळं झालं की आधी बॅटरीचं चिन्ह बघा.

आता शाईदौत यांच्या दोन अ‍ॅपकडे येतो. अ‍ॅप तयार करणं हे माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. न ऐकणाऱ्या अ‍ॅपची कारणं वेगवेगळी असतात आणि कारण कळल्याशिवाय उपाय करू नये.

पहिली पायरी: अ‍ॅपच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये Theme शोधा. तिथे Light निवडलेलं असेल तर फोननं कितीही सांगितलं तरी अ‍ॅप पांढरंच राहणार. System default किंवा तशा अर्थाचा पर्याय निवडा. नोंदींच्या अ‍ॅपचं बहुतेक हेच असणार.

दुसरी पायरी: तो पर्याय आधीच निवडलेला असेल, तर अ‍ॅप Force stop करून पुन्हा उघडा. आता काळं आलं तर अ‍ॅपमध्ये डार्क रूप आहे, फक्त चालू असताना बदलाची दखल घेत नाही. ती बनवणाऱ्याची चूक आहे, त्यांना नेमकं असंच कळवा.

दोन्हींनी काही झालं नाही तर त्या अ‍ॅपला डार्क रूपच नाही. मग जबरदस्ती. About phone मध्ये Build number वर सात वेळा टिचकी मारली की Developer options उघडतात, त्यात Override force-dark आहे. तो चालू करून अ‍ॅप पुन्हा सुरू करा. फोन अ‍ॅपच्या फिकट पृष्ठभागांना गडद आणि गडद अक्षरांना फिकट करतो. अडचण अशी की हे अंदाजानं होतं आणि फिकट रूपाच्या सगळ्याच अ‍ॅपना लागू होतं. पारदर्शक चित्रातली काळी अक्षरं काळ्या पृष्ठभागावर गडप होऊ शकतात. बिलाच्या अ‍ॅपमध्ये रक्कम आणि ओटीपीचा रकाना दोन्ही स्पष्ट वाचता येतात का, हे तपासल्याशिवाय पैसे भरू नका.

काही कंपन्यांच्या फोनमध्ये डार्क मोडच्या पानावरच प्रत्येक अ‍ॅपसाठी वेगळं बटण असतं. तसं असेल तर Developer options कडे जाऊच नका.

सांजवात

आयफोनवर Developer options सारखं काही करावं लागत नाही. आयओएस 15 पासून Accessibility मध्ये Per-App Settings आहे. तिथे हट्टी अ‍ॅप जोडायचं आणि फक्त त्याच्यासाठी रंग उलटे करणारं Smart Invert चालू करायचं. माझं वेळापत्रकांचं अ‍ॅप असंच काळं केलं आहे. फोटो सहसा त्यातून सुटतात, पण एका अ‍ॅपमध्ये माणसांचे चेहरे निगेटिव्हसारखे दिसायला लागले, तिथे बंद केलं.

त्रुटी एकच, हे वेळ बघत नाही. दिवसाही अ‍ॅप उलटंच राहतं. आणि फोन डार्क असो वा लाइट, त्याला फरक पडत नाही.

चष्मेवाली

माझा अनुभव थोडा उलटा आहे. मला दृष्टिवैषम्य आहे. काळ्यावर पांढरी अक्षरं वाचताना त्यांच्या कडा पसरतात, दोन ओळी वाचल्या की डोळे चोळावे लागतात. म्हणून फोन वेळेनुसार डार्क होतो, पण वाचनाचं अ‍ॅप मी मुद्दाम Light वर ठेवलं आहे आणि ब्राइटनेस अगदी खाली. अ‍ॅपनं फोनचं ऐकू नये अशी सोय मला हवी आहे. ती काढून टाकू नका, हे बनवणाऱ्यांना आवर्जून सांगावंसं वाटतं.

शाईदौत

करून बघितलं. नोंदींचं अ‍ॅप पहिल्याच पायरीला सुटलं, Theme मध्ये Light होतं. बिलाचं मात्र तिसऱ्या पायरीपर्यंत गेलं. Override force-dark नंतर काळं झालं, रक्कम स्वच्छ दिसते, पण पावतीच्या पानावरचा शिक्का पूर्ण गायब. शिवाय उघडताना क्षणभर पांढरा लखलखाट अजून होतोच. त्याला काय करावं?

कळफलक

तो लखलखाट अ‍ॅपचा कोड चालू होण्याआधी फोन जी रिकामी खिडकी दाखवतो तिचा असावा. तिचा रंग अ‍ॅपच्या थीममधून येतो. आतलं पान वेबपान असेल तर ते भरेपर्यंतचा पांढरा रंगही असू शकतो. आपल्या बाजूनं दोन्हींवर इलाज मला माहीत नाही.

रातपाळी

माझ्याकडेही एका अ‍ॅपला तसंच होतं. मी Quick Settings मध्ये Extra dim ठेवलं आहे, ते अ‍ॅप उघडण्याआधी चालू करतो. लखलखाट जात नाही, डोळ्याला कमी लागतो एवढंच. कोणाला याहून बरं काही सापडलं असेल तर जरूर लिहा.