मदत हवी आहे: ट्रान्सक्रिप्ट आणि पदवी पडताळणी, गोवा विद्यापीठ

म्हापसेकर_९१
डब्लिनच्या कंपनीत नोकरी ठरलीय. बीकॉम, २०१४. त्यांच्या पडताळणी एजन्सीने माझ्या कॉलेजला मेल केला, तीन आठवडे उत्तर नाही. ट्रान्सक्रिप्टही मागितलीय. पुढे काय करू?

शांतादुर्गा
पदवीला अपोस्टिल करून घे, काम झालं.

ताळगावकर
अपोस्टिल कामाचं आहे, पण या कामाला पुरणार नाही. त्याने कागदावरची सही आणि शिक्का खरा ठरतो. एजन्सीला विद्यापीठाने आपलं दप्तर पाहून दिलेलं उत्तर हवं असतं.

म्हापसेकर, मेल चुकीच्या दारी गेलाय. पदवी विद्यापीठ देतं, म्हणून पडताळणी विद्यापीठाच्या ताळगावच्या परीक्षा विभागाकडे जायला हवी. एजन्सीला सांग, मेलला चार गोष्टी जोड: तुझं सही केलेलं संमतीपत्र, पदवीची प्रत, शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका आणि फी भरल्याची पावती. संमतीपत्र नसेल तर विद्यापीठ तिसऱ्याला माहिती देत नाही, आणि फी कुणी भरायची या गोंधळात अर्ज बाजूला पडून राहतो. एजन्सीला आधीच विचार, फी ती भरणार की तू.

नावही तपास. पदवीवर वडिलांचं नाव मध्ये आणि पासपोर्टवर नसेल, तर संमतीपत्रात दोन्ही नावं लिही.

ट्रान्सक्रिप्टचा अर्ज वेगळा. सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका जोड. एखादी नसेल तर आधी कॉलेजमध्ये विचार. कंपनीला बंद लिफाफा हवा असेल, तर तो तू उघडायचा नाही. फ्लॅपवरचा शिक्का फाटला की तो बाद.

सांगेची_सून
माझ्या सासऱ्यांची पदवी १९८३ ची, तीही ताळगावलाच मिळेल ना?

ताळगावकर
नाही. गोवा विद्यापीठ १९८५ चं. त्याआधी इथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. पदवीवर ज्या विद्यापीठाचं नाव, तिथेच अर्ज करा.

म्हापसेकर_९१
विद्यापीठाला आठवण कशा शब्दांत करू?

ताळगावकर
आधीच्याच मेलवर उत्तर म्हणून पाठव, नवा मेल नको. विषयात नाव, आसन क्रमांक, वर्ष, एजन्सीचा संदर्भ क्रमांक. इंग्रजीत लिही, मजकूर असा:

«महोदय, अमुक तारखेला केलेल्या पदवी पडताळणीच्या अर्जाबाबत. फीची पावती व संमतीपत्र पुन्हा जोडत आहे. एखादा कागद कमी असल्यास कोणता ते कळवावे, म्हणजे त्याच दिवशी पाठवता येईल. उत्तर एजन्सीच्या खालील पत्त्यावर, विद्यापीठाच्या अधिकृत मेलवरून पाठवावे ही विनंती.»

‘अर्ज कुठवर आला’ असं विचारलंस तर ‘प्रक्रियेत आहे’ एवढंच उत्तर येतं. कोणता कागद कमी आहे, हे विचारलं तर फाइल उघडावी लागते. सात कामाचे दिवस थांब, मग प्रिंट घेऊन स्वतः जा आणि आवक क्रमांक मागून घे.

एजन्सीलाही त्याच दिवशी लिही: «अर्ज विद्यापीठात दाखल आहे, पावती जोडली आहे. कृपया प्रकरण ‘पडताळणी होऊ शकली नाही’ म्हणून बंद करू नये.»

शांतादुर्गा
दोन विषय एटीकेटीने सुटलेत. ते ट्रान्सक्रिप्टवर दिसतं का?

म्हापसेकर_९१
माझाही एक तसाच आहे. उद्या कॉलेजमध्ये विचारतो.