मदत हवी आहे: ताशी मैलांचे मीटर प्रति सेकंद केले, पण उत्तर अडीच पटीने कमी येतंय

कोरा_कागद:
गणित असं आहे. ताशी ६० मैल वेगाने जाणारी मोटार ब्रेक लावल्यावर ५५ मीटरमध्ये थांबते, तर तिचं ऋण त्वरण काढा. मागे उत्तर दिलंय ६.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. माझं येतंय २.५.

मी ६० ला ५/१८ ने गुणलं, १६.६७ आले. मग v² = u² + 2as मध्ये v शून्य धरला. १६.६७ चा वर्ग २७७.८, भागिले ११०, म्हणजे २.५३. आकडेमोड पुन्हा तपासली, बरोबर आहे. सूत्र चुकलं की छापलेलं उत्तर?

झटपट_राव:
५/१८ किलोमीटरसाठी असतं रे! मैलांना ०.४५ ने गुण, २७ येतील. विषय संपला.

दुर्बीण:
राव, निदान बरोबर, पण विषय इतक्यात संपत नाही. २७ चा वर्ग ७२९, त्याला ११० ने भागलं की ६.६३ येतात. पुस्तकात ६.५ आहे, म्हणजे पोरगं पुन्हा इथेच येऊन विचारणार.

कागद, तुझ्या दोन उत्तरांचं गुणोत्तर बघ. ६.५ भागिले २.५ म्हणजे साधारण २.६. एका मैलात १.६०९ किलोमीटर, आणि १.६०९ चा वर्ग २.५९. चूक कुठे झाली ते या आकड्यातच दिसतं: वेगाच्या एककात, आणि तो वेग पुढे वर्गात गेलाय. याच गणितात थांबायला लागणारा वेळ विचारला असता तर तिथे वर्ग नाही, म्हणून फरक फक्त १.६ पटीचा पडला असता. उत्तर कितीपट चुकलंय हे आधी पाहायची सवय लाव, निम्मा शोध तिथेच लागतो.

आता रूपांतर. पाठ केलेला गुणक विसर आणि मैलापासून सुरुवात कर. मैल १६०९.३४४ मीटरचा, तास ३६०० सेकंदांचा:

```
६० × १६०९.३४४ ÷ ३६०० = २६.८२
२६.८२ × २६.८२ ÷ ११० = ६.५४
```

कोरा_कागद:
जमलं! पण एक शंका. सगळं मैलातच ठेवून शेवटी एकदाच बदललं तर? ६० चा वर्ग ३६००, भागिले ११० म्हणजे ३२.७, गुणिले ०.४४७ म्हणजे १४.६. हे तर आणखीच भलतं.

दुर्बीण:
वेगाचा वर्ग केलास ना? मग गुणकाचाही वर्ग हवा. ३२.७ ला ०.४४७ ने दोनदा गुण, ६.५ येतील. शिवाय तुझं अंतर आधीच मीटरमध्ये आहे, म्हणजे ते ३२.७ धड मैलातले नाहीत आणि धड मीटरमधलेही नाहीत. अशी खिचडी शेवटी निस्तरण्यापेक्षा आकडे सूत्रात घालायच्या आधीच बदललेले बरे.

राव, तुमच्या ०.४५ चंही तेच होतं. ०.४४७०४ ऐवजी ०.४५ घेतलं तर वेगात जेमतेम पाऊण टक्क्याची चूक, पण वर्ग केला की ती दुप्पट होते. तोंडी अंदाजाला चालेल, लेखी उत्तराला नाही.

खलाशी:
आमच्या पुस्तकात मैल १८५२ मीटरचा आहे. वर दिलेला चुकलाय का?

दुर्बीण:
तो सागरी मैल, जहाजं आणि विमानांचा. तुमच्या गणितात नॉट असेल तर तो घ्या. एक नॉट म्हणजे सुमारे ०.५१४ मीटर प्रति सेकंद. मोटारीच्या गणितात नको.

नाना_गॅरेज:
मला ते वर्गबिर्ग कळत नाहीत, पण २.५ बघूनच खटकलं. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरच्या गाडीचा ब्रेक कचकन दाबला तर सहा-सात सहज मिळतात. अडीच म्हणजे सिग्नल लांबून दिसल्यावर हळूच पाय ठेवावा तसं. ६० ला ८८ फूट प्रति सेकंद, हे आमचं पाठ.

दुर्बीण:
नाना, ते ८८ तंतोतंत बरोबर आहे. फूट ०.३०४८ मीटरचा धरलात तर तेच २६.८२ येतात.

झटपट_राव:
मला अजूनही पटत नाही. गणितात ‘६०’ दिलंय, ‘६०.०’ नाही. एवढ्या ढोबळ आकड्यावर ६.५४ लिहिणं हाच खोटा अचूकपणा. ७ लिहिलं तरी गुण मिळायला हवेत.

दुर्बीण:
५५ दोन अंकी आहे, म्हणून ६.५ ठीक वाटतं. आता ‘६०’ मधलं शून्य मोजायचं की नाही, ते गणित लिहिणाऱ्यालाच विचारायला हवं.

कोरा_कागद:
मी ६.५ लिहितोय. पण वहीत २६.८२ तसेच ठेवले, पुढच्या भागात ब्रेक दाबण्याआधीचे ०.७ सेकंद धरून एकूण अंतर विचारलंय. १८.८ अधिक ५५, म्हणजे ७३.८ आले. हे ७४ करू का?

झटपट_राव:
७० कर :)